दोन दिवस, अकराशे सत्तर रुपये

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला : ‘अर्ज’. माफीचे अर्ज, दयेचे अर्ज, जमिनीचे अर्ज यांवर लिहिणारे इतर होतेच. मला हवा होता तो सगळ्यात कमी किमतीचा अर्ज. कोणी जपून ठेवत नाही असा आणि लिहिणाराही सहा महिन्यांत विसरतो असा. तो शोधायला मी पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावच्या एमआयडीसीत आणि नंतर दौंड तालुक्यात कुरकुंभला गेलो. पगाराच्या पावतीत चुकीची कपात झाली, ती दुरुस्त करा, अशी एचआर खात्याला विनंती करणारा अर्ज. विषय एका ओळीचा. पण ती ओळ नीट लिहिता न आल्यामुळे किती जण गप्प बसतात, हे तिथे गेल्यावर कळते.

सात तारखेनंतरचे कारेगाव

कारेगाव हे वसाहतीला खेटून असलेले गाव. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून आलेली मुले इथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात. एका खोलीत तिघे-चौघे, आणि बहुतेक वेळा तिघांच्या पाळ्या तीन. महिन्याच्या सात तारखेनंतर इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत एक वेगळी गर्दी दिसते. पगाराची पावती हल्ली मोबाइलवर येते. तिथे ती नीट वाचता येत नाही, म्हणून दहा रुपये देऊन छापून घ्यायची.

अशाच एका दुकानात मला एक ऑपरेटर भेटला. लातूरकडचा, वय तिशीच्या आत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षे कायम कामगार. त्याची गोष्ट गेल्या वर्षीची, सप्टेंबर 2025 च्या पगाराची. कागद त्याने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले होते, म्हणून ती मला आकड्यांसकट मिळाली. नाव आणि कारखाना सोडून बाकी सगळे लिहायला त्याची हरकत नव्हती.

ऑगस्टमध्ये त्याच्या खात्यात 17,353 रुपये आले होते. सप्टेंबरचे आले 16,183. “अकराशे सत्तर कमी. मी तर एकही सुट्टी घेतली नव्हती,” तो म्हणाला. गणपती आधीच होऊन गेले होते आणि दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. त्याने पहिल्यांदा जे केले, ते सगळेच करतात. सुपरवायझरला तोंडी सांगितले, “सर, पगार कमी आलाय.” सुपरवायझर म्हणाले, “एचआरला विचार.” एचआरच्या खिडकीतून उत्तर आले, “सिस्टिममधून येतंय ते, बघू.”

‘पगार कमी आलाय’ या तीन शब्दांवर खिडकीपलीकडचा माणूस काहीच करू शकत नाही, हे मला पुढे पलीकडे बसणाऱ्यांकडूनच समजले. पगार हा हजेरी, दर आणि कपाती यांचा शेवटचा आकडा. तो कमी आला असेल तर यांपैकी नेमके काय हलले, हे आधी सांगावे लागते.

यंत्राचा दिवस रात्री बारा वाजता संपतो

छापलेल्या पावतीत कपातींच्या रकान्याकडे त्याचे लक्ष होते. पीएफ, ईएसआय, व्यवसायकर. तिन्ही आकडे आधीच्या महिन्याइतके किंवा त्याहून कमीच होते. चूक तिथे नव्हतीच. ती वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होती : महिन्याचे दिवस 30, पगारी दिवस 28, बिनपगारी दिवस 2.

बिनपगारी दिवस ही अशी कपात आहे की ती कपातींच्या यादीत दिसत नाही. कमाईच्या रकान्यातच पैसे कमी होऊन येतात. म्हणून कपाती तपासणाऱ्याला ती सापडत नाही.

हे दोन दिवस कुठले? हजेरीचा उतारा मागितल्यावर तारखा मिळाल्या : शनिवार 13 आणि शनिवार 20 सप्टेंबर. त्या आठवड्यांत त्याची पाळी दुसरी होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. पण दोन्ही शनिवारी रात्रपाळीचा एक माणूस नव्हता, म्हणून सुपरवायझरने याला दुसरीऐवजी तिसऱ्या पाळीला, रात्री अकरा ते सकाळी सात, बोलावले. तो आला, काम केले, सकाळी बोट लावून बाहेर पडला. पाळी बदलल्याचे संगणकात कोणी भरले नाही.

आता यंत्राच्या बाजूने पाहा. शनिवारी रात्री 10.52 ला एक पंच. पाळीचा तक्ता सांगतो की हा माणूस दुसऱ्या पाळीचा. यंत्र त्याच तारखेला दुसरा पंच शोधते. बारा वाजतात, तारीख बदलते, पंच सापडत नाही. एकच पंच, म्हणजे आल्याची किंवा गेल्याची खात्री नाही, म्हणजे ‘मिस पंच’. मिस पंच ठरावीक मुदतीत कोणी दुरुस्त केला नाही, तर बहुतेक ठिकाणी त्याची गैरहजेरी होते. सकाळी 7.06 चा पंच पडला तो रविवारच्या खात्यात. रविवार साप्ताहिक सुट्टी, तिथला एकटा पंच कोणी विचारातही घेत नाही. दोन शनिवार, दोन गैरहजेऱ्या.

रात्रपाळीचा तक्ता संगणकात बरोबर भरलेला असेल, तर हेच यंत्र दुसऱ्या दिवशीचा सकाळचा पंच आदल्या रात्रीला जोडते. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला अर्धीच माहिती दिली गेली होती. एक गंमत म्हणजे, हीच अदलाबदल शुक्रवार-शनिवार अशा लागोपाठच्या रात्री झाली असती, तर शुक्रवार गैरहजर लागला असता. शनिवारी मात्र सकाळी सातला बाहेर पडतानाचा पंच ‘आत’ आणि रात्री अकराला येतानाचा पंच ‘बाहेर’ असे धरून यंत्राने त्याला सोळा तास हजर दाखवले असते. हजेरीच्या उताऱ्यात एखाद्या दिवशी असे अचाट तास दिसले, तर शेजारच्या तारखा तपासाव्यात, असे मला एका वेळलेखनिकाने सांगितले.

पंधराशे, तेराशे, अकराशे सत्तर

तारखा सापडल्यावर प्रश्न आला, मागायचे किती? खोलीत यावर वाद झाला म्हणे.

त्याचा मासिक पगार 19,500 रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000, घरभाडे भत्ता 4,500. खोलीतला एक मित्र दुसऱ्या कारखान्यातला. त्याच्याकडे दिवसाचा दर काढताना 26 ने भागतात, कारण चार रविवार धरत नाहीत. त्या हिशेबाने दिवसाचे 750, दोन दिवसांचे 1,500. दुसऱ्याने 30 ने भागले : दिवसाचे 650, दोन दिवसांचे 1,300. आणि बँकेत तर कमी आले होते 1,170. तीन आकडे, तिन्हींना कारण आहे.

भागाकाराचा वाद पावतीच सोडवते. पावतीवर ‘30 पैकी 28’ असे लिहिले आहे, म्हणजे या कंपनीने कापताना 30 ने भागले. कापताना जो दर लावला, तोच परत देताना लागणार. 26 चा दर मागितला असता, तर एचआरने ‘हिशेब चुकीचा’ म्हणून अर्ज बाजूला ठेवला असता, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही ठरले असते.

राहिले 1,300 आणि 1,170. हे समजायला पावती दोनदा मांडावी लागते, एकदा आहे तशी आणि एकदा हवी तशी.

आहे तशी : 28 दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता 14,000, घरभाडे 4,200, एकूण 18,200. त्यातून पीएफ, म्हणजे 14,000 चे 12 टक्के, 1,680. ईएसआय, एकूण पगाराचे 0.75 टक्के, 136.50, आणि ईएसआयमध्ये पैसे नेहमी पुढच्या रुपयात धरतात, म्हणून 137. व्यवसायकर 200. कपात 2,017, हातात 16,183.

हवी तशी : 15,000 अधिक 4,500, एकूण 19,500. पीएफ 1,800. ईएसआय 146.25, म्हणजे 147. व्यवसायकर तेवढाच, 200. कपात 2,147, हातात 17,353.

म्हणजे कमाईत तूट 1,300 ची. पण ती भरून आली की त्यातले 120 पीएफला आणि 10 ईएसआयला जायला हवेत. हातात यायचे 1,170. अर्जात फक्त ‘1,300 द्या’ लिहिले, तर 1,170 आल्यावर कामगाराला वाटते पुन्हा कापले. फक्त ‘1,170 द्या’ लिहिले, तर पीएफचे 120 कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. शिवाय कंपनीलाही आपल्या बाजूचे तेवढेच 120 भरायचे असतात. त्यातले 83 पेन्शन योजनेत आणि 37 भविष्य निर्वाह निधीत जातात. म्हणून अपेक्षित दुरुस्ती एका आकड्यात सांगता येत नाही. ती दोन ठिकाणी व्हायची असते, एक बँकेत आणि एक पीएफच्या पासबुकात.

पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. कंपनी दर महिन्याला पीएफ कार्यालयाकडे जे विवरण पाठवते, त्यात प्रत्येक कामगाराचे बिनपगारी दिवस वेगळे लिहावे लागतात. ते पेन्शनच्या सेवेच्या हिशेबात जातात. ईएसआयमध्ये आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. नियमित कामगाराला दोन दिवसांनी फरक पडत नाही. मध्येच रुजू झालेल्याला किंवा लांब आजारपणातून उठलेल्याला पडू शकतो.

अर्ज

झेरॉक्सच्या दुकानातला माणूस अर्ज टाइपही करून देतो. त्याच्या संगणकात एक ठरलेला मसुदा होता : ‘मी गरीब घरातील असून माझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा.’ हा मसुदा बँकेपासून तहसीलपर्यंत सगळीकडे चालतो. इथे मात्र तो आड येतो, कारण सहानुभूतीचा विचार करायला वरच्या साहेबांकडे जावे लागते आणि हजेरीची दुरुस्ती लेखनिक स्वतः करू शकतो.

ऑपरेटरचा अर्ज त्याच्या युनियनमधल्या एका जुन्या माणसाने घडवला. त्याची प्रत मी पाहिली. नाव, टोकन क्रमांक गाळून ती अशी :

“विषय : सप्टेंबर 2025 च्या पगारातील 2 बिनपगारी दिवसांची दुरुस्ती.

महोदय, सप्टेंबर 2025 च्या पावतीत माझे पगारी दिवस 28 व बिनपगारी दिवस 2 दाखवले आहेत. शनिवार दि. 13 व दि. 20 रोजी मी सुपरवायझरच्या सांगण्यावरून दुसऱ्या पाळीऐवजी तिसऱ्या पाळीत काम केले आहे. माझे पंच पुढीलप्रमाणे : दि. 13 रात्री 10.52, दि. 14 सकाळी 7.06; दि. 20 रात्री 10.49, दि. 21 सकाळी 7.04. पाळीबदलाची नोंद न झाल्याने हे दोन दिवस गैरहजर लागले आहेत.

त्यामुळे एकूण पगार 19,500 ऐवजी 18,200 धरला गेला. फरक 1,300 रुपये. या फरकावर माझा पीएफ 120 व ईएसआय 10 वजा जाता मला 1,170 रुपये येणे आहेत.

तरी (1) वरील दोन दिवसांची हजेरी दुरुस्त करावी, (2) फरकाची रक्कम ऑक्टोबर 2025 च्या पगारात स्वतंत्र ओळीत दाखवून द्यावी, (3) फरकावरील पीएफ, माझा व कंपनीचा हिस्सा, सप्टेंबर महिन्याच्या नावे भरावा. सोबत : पावती, हजेरीचा उतारा, सुपरवायझरची सही असलेला पाळीबदलाचा फॉर्म, दोन्ही रात्रींच्या उत्पादन नोंदवहीची प्रत.”

खाली सही आणि तारीख, 9 ऑक्टोबर. दुसऱ्या प्रतीवर एचआरची पोच.

यात आरोप नाही आणि विनवणीही नाही. ‘कंपनीने माझे पैसे कापले’ असे वाक्य कुठेच नाही. ‘लागले आहेत’, ‘धरला गेला’ अशा क्रियापदांनी कोणावर बोट न ठेवता काम साधले आहे. त्या जुन्या माणसाचे म्हणणे होते, “चूक कुणाची ते लिहिलं की तो आधी स्वतःला वाचवत बसतो. चूक कुठं आहे तेवढं लिहायचं.” माझ्या मते अर्जातली सगळ्यात मोलाची ओळ मात्र सोबतच्या कागदांची आहे. पंच पडला म्हणजे माणूस गेटच्या आत आला, इतकेच सिद्ध होते. त्या रात्री मशीनवर तोच होता हे उत्पादनाच्या वहीतली त्याची सही सांगते.

खिडकीच्या पलीकडे

शिरूर भागातल्या एका कारखान्यात पगाराचे काम पाहणाऱ्या बाईंशी बोललो. त्यांच्याकडे साडेपाचशे माणसांचा पगार. महिन्याच्या 25 तारखेला हजेरी बंद होते, म्हणजे त्यानंतर संगणकात आकडे बदलता येत नाहीत. पुढचे पाच दिवस सगळे हजर धरून पगार काढतात आणि खरोखर कोणी गैरहजर राहिले, तर पुढच्या महिन्यात कापतात. प्रत्येक कंपनीची तारीख वेगळी. “लोक 28 तारखेला अर्ज घेऊन येतात आणि या महिन्यात करा म्हणतात. मी केलं तर सगळ्यांचा पगार परत चालवावा लागतो,” त्या म्हणाल्या. म्हणून फरक नेहमी पुढच्या महिन्यात, ‘अरिअर्स’ नावाच्या ओळीत येतो. पावती हाती येणे आणि पुढची हजेरी बंद होणे यांच्यामधले दोन-अडीच आठवडे, एवढाच अर्जाचा खरा काळ.

त्यांच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी चुकीच्या नसतात, पण चुकांबद्दलही नसतात. फेब्रुवारीत व्यवसायकर 200 ऐवजी 300 कापला जातो, कारण वर्षाचे 2,500 पुरे करायचे असतात. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे 25 रुपये जातात. पूर्वी बहुतेकांचे 12 जात असत, 2024 पासून 25 झाले. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला शंभर रुपयांसाठी रांग लागते आणि त्या दरवर्षी तेच सांगतात. मी विचारले, हे पावतीखालीच का छापत नाही? त्या हसल्या आणि म्हणाल्या की पावतीचा नमुना मुख्यालयातून येतो.

हजेरीप्रमाणे पगार कापण्याचा अधिकार मालकाला कायद्याने आहे, पण मर्यादेसह. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने सांगितले की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच असावी. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांत दंडाला धरबंध नव्हता. विणकराच्या हातून कापड खराब झाले, तर ते त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करत. नव्या कायद्याने दंड रुपयाला अर्ध्या आण्यावर आणला. त्याच्याही आधी, 1884 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा, ही एक होती. लोखंडे घराणे मूळचे कन्हेरसरचे. ते गाव खेड तालुक्यात, शिरूरच्या शेजारी.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा, कपाती निम्म्याहून जास्त नकोत, वेतनपावती द्यायचीच, आणि चुकीच्या कपातीचा दावा करण्याची मुदत एक वर्षाऐवजी तीन वर्षे. ‘वेतन’ कशाला म्हणायचे याची व्याख्याही बदलली आहे. त्यामुळे वर मांडलेला हिशेब सप्टेंबर 2025 चा आहे हे लक्षात ठेवावे. आपल्या पावतीत पीएफ आणि ईएसआय कोणत्या रकमेवर काढले आहेत, ते आधी पाहून मगच टक्के लावावेत.

कुरकुंभचे दोनशे रुपये

दौंड तालुक्यातले कुरकुंभ सोलापूर रस्त्यावर आहे. फिरंगाई देवीचे गाव, आणि आता रसायनांच्या कारखान्यांचेही. तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी मला भेटली. दौंडहून रोज येणारी, बी. एस्सी. झालेली. तिचा प्रश्न ऑपरेटरच्या अगदी उलट होता. तिची हजेरी पूर्ण होती. चूक कपातींच्या रकान्यात, सरळ डोळ्यांसमोर होती आणि तरी चार महिने दिसली नव्हती.

महाराष्ट्रात महिलांना महिन्याला 25 हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसायकर नाही. एप्रिल 2023 पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ती दहा हजार होती. पुरुषांना मात्र साडेसात हजारांपुढे कर सुरू होतो आणि दहा हजारांपुढे तो 200 असतो. हिचा पगार 23,400. ती जूनमध्ये लागली आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला 200 कापले गेले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या पावतीत तो रकाना कोरा होता, तेव्हा हिच्या लक्षात आले.

कारण असे की नवी माणसे भरताना संगणकात लिंगाच्या रकान्यात आधीपासून ‘पुरुष’ निवडलेले असते. घाईत ते बदलले नाही. बाकी कुठल्याही हिशेबाला त्या रकान्याची गरज नसल्याने चूक फक्त व्यवसायकरात उमटली.

तिचा अर्ज चार ओळींचा. महिने चार, प्रत्येकी 200, एकूण 800, अपेक्षा ही की ऑक्टोबरच्या पगारात 800 परत यावेत आणि माहितीतली नोंद सुधारावी. ही शेवटची मागणी राहिली असती, तर 800 परत देऊन ऑक्टोबरचे 200 पुन्हा कापले गेले असते. तिला आधी सांगण्यात आले की पैसे शासनाकडे भरले आहेत, आता काही होणार नाही. ते खरे होते, पण शासनाकडे जास्त गेले तर ते पुढच्या भरण्यात कसे वळते करायचे, हा कंपनीचा आणि तिच्या कर सल्लागाराचा प्रश्न. कापणारी कंपनी, तेव्हा परत देणारीही कंपनीच. पैसे नोव्हेंबरच्या पगारात आले.

तिचे पाहून दुसऱ्या एकीनेही अर्ज केला. तिचा पगार 26,100 होता. तिला मिळाले नाहीत, कारण मर्यादा ओलांडली की कर पूर्ण 200 लागतो, वरच्या अकराशेवर नाही. तिला हे पटले नाही, आणि मलाही फारसे पटत नाही, पण ही चूक एचआरची नाही.

ठेकेदाराची माणसे

ऑपरेटर कायम होता आणि प्रयोगशाळेतली मुलगीही. रांजणगावात गेटवर उतरणाऱ्या बसमधली निम्मी माणसे ठेकेदाराची असतात असे म्हणतात. मोजणी मी केलेली नाही, पण बसमधल्या गप्पांवरून ते खरे वाटते. त्यांना कंपनीचे एचआर सांगते, ठेकेदाराकडे जा. ठेकेदाराचे कार्यालय कधी पुण्यात, कधी फक्त एका सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये असते. अर्ज कोणाच्या नावे लिहायचा इथेच गाडी अडते.

युनियनच्या त्या जुन्या माणसाची पद्धत अशी की अर्ज ठेकेदाराच्या नावे आणि प्रत कंपनीच्या एचआरला, पोच दोन्हीकडची. कारण ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच तशी तरतूद होती. कंपनीला हे चांगले माहीत असते. प्रत पोचल्यावर ठेकेदाराला फोन जातो, असे त्याने मला सांगितले. पोचलेल्या प्रतीवर फोन न गेल्याचेही त्याने दोन किस्से सांगितले. त्या माणसांनी वाट पाहिली नाही, दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले. हजार-बाराशेसाठी पुण्याच्या कामगार कार्यालयात जायचे तर दिवसाचा रोज बुडतो, तोही बिनपगारी.

ऑक्टोबरची पावती

आता ऑपरेटरच्या अर्जाचे काय झाले ते सांगतो. 7 नोव्हेंबरला ऑक्टोबरचा पगार आला, 18,644 रुपये. नेहमीचे 17,353. म्हणजे 1,291 जास्त, मागितले होते 1,170. खोलीत आनंद झाला. एचआरने मागितल्यापेक्षा एकशे एकवीस रुपये जास्त दिले, असे कधी होते का?

पावतीत अरिअर्सची ओळ होती, 1,300. एकूण 20,800. ईएसआय त्या सगळ्यावर एकत्र काढलेला, 156. आधीच्या 147 पेक्षा 9 जास्त, दहा नाही. वेगवेगळा काढला की दोनदा वर धरला जातो, एकत्र काढला की एकदाच. हा एक रुपया पूर्णांकनाचा. उरलेले 120 मात्र चुकीचे हातात आले होते. पीएफ 1,800 च होता. अरिअर्सच्या ओळीवर पीएफ लागतो, हे संगणकात सांगितलेलेच नव्हते. अर्जातली तिसरी मागणी कोणी वाचली नव्हती.

त्याला हे आठवड्याने समजले, तेही पासबुक उघडल्यावर. सप्टेंबरची नोंद जशीच्या तशी : 14,000 वर 1,680. हातात 120 जास्त आले आणि कंपनीचे 120 खात्यात आलेच नाहीत. मग त्याने दुसरा अर्ज लिहिला. विषय : सप्टेंबर 2025 च्या फरकावर पीएफ न कापल्याबाबत. मागणी : माझे 120 रुपये कापून घ्यावेत.

पगाराच्या खिडकीवर असा अर्ज पूर्वी आला नव्हता. लेखनिकाने तो साहेबांना दाखवला, साहेबांनी पीएफ सल्लागाराला फोन केला. तिथून उत्तर आले ते असे : भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद 32 प्रमाणे कामगाराची वर्गणी ज्या काळाच्या पगाराची असेल, त्याच पगारातून कापता येते. नजरचुकीने राहिली असेल तर पुढच्या पगारातून कापायला निरीक्षकाची लेखी संमती लागते. एकशे वीस रुपयांची संमती आणायला पुण्याला कोण जाणार? कंपनीने दोन्ही हिस्से, 240 रुपये, आपल्याच खिशातून भरले.

ऑपरेटरने मला पासबुकातली ती ओळ मोबाइलवर दाखवली. पुढच्या खेपेला पाळी बदलली की फॉर्म त्याच रात्री भरून घेतो, असे म्हणाला. सुपरवायझरही आता त्याच्याआधी फॉर्म काढतो.